आधी रक्त, मग औषध

ताप आला की पहिल्याच भेटीत अँटिबायोटिकचे इंजेक्शन किंवा गोळ्या मिळाव्यात, ही अपेक्षा आपल्याकडे इतकी रुळली आहे की ते न देणाऱ्या डॉक्टरवरच रुग्णाचा विश्वास बसत नाही. चार दिवसांत ताप उतरतो, रुग्ण खूश होतो आणि तो ताप कशाचा होता हा प्रश्न तिथेच संपतो. पण एक आजार असा आहे की त्यात ही घाई निदानच पुसून टाकते आणि त्याची किंमत रुग्णाला पुढे कित्येक आठवडे मोजावी लागते. तो आजार म्हणजे हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग, वैद्यकीय भाषेत ‘इन्फेक्टिव्ह एण्डोकार्डायटिस’. पहिले इंजेक्शन देण्याआधी रक्ताच्या काही बाटल्या भरल्या गेल्या की नाहीत, यावर या आजारात औषध कोणते, किती आठवडे, आणि शेवटचे आठवडे रुग्णाला घरी राहून घेता येतील का, हे सारे अवलंबून असते.

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने वाहावे म्हणून त्या दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. निरोगी झडपेचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की त्यावर काही चिकटत नाही. पण लहानपणी घसा दुखून नंतर आलेल्या रूमॅटिक तापाने, म्हणजे सांधेतापाने, झडप जाड होऊन गळू लागली असेल, जन्मतःच हृदयाला छिद्र असेल, वयाने झडप कडक झाली असेल किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर रक्ताचा जोरदार झोत आदळून तिथला पृष्ठभाग खरवडला जातो. त्या खरवडीवर प्लेटलेट पेशी आणि रक्त गोठवणारे तंतू यांचा एक सूक्ष्म थर जमतो. दात घासताना, चावताना, किडलेला दात काढताना तोंडातले काही जिवाणू रक्तात उतरतात. एरवी शरीर ते काही मिनिटांत नाहीसे करते. मात्र वाटेत असा थर भेटला तर ते तिथे अडकतात, वाढतात आणि त्यांच्यावर पुन्हा नवा थर चढतो. असा जो गोळा झडपेवर लोंबू लागतो त्याला ‘व्हेजिटेशन’ म्हणतात.

या गोळ्याची रचना समजली की उपचार इतका लांब का, हे कळते. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात आणि गोळ्यात तर मुळीच नसतात. त्यामुळे जिवाणूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी आत पोहोचत नाहीत. एक ग्रॅम गोळ्यात शंभर कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात आणि त्यातले आतले बरेचसे जणू झोपलेले असतात. ते वाढत नाहीत, म्हणून वाढत्या जिवाणूंवर मात करणारी औषधेही त्यांच्यावर धिम्या गतीने काम करतात. औषध बाहेरून थोडे थोडे आत झिरपावे लागते. त्यासाठी रक्तातले त्याचे प्रमाण सतत उंच हवे, म्हणून शिरेतून मोठा डोस. आणि आतला शेवटचा जिवाणू मरेपर्यंत ते चालू हवे, म्हणून चार ते सहा आठवडे.

हा धडा वैद्यकाला सहज मिळालेला नाही. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक दशके हा आजार म्हणजे जवळपास निश्चित मृत्यू होता. पेनिसिलिन आल्यावर सुरुवातीला ते थोड्या प्रमाणात आणि थोडे दिवस दिले गेले. ताप उतरे, औषध थांबे आणि काही दिवसांत ताप परत येई. १९४४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या लिओ लोवे या डॉक्टरांनी मोठ्या डोसमध्ये आणि अधिक काळ पेनिसिलिन शिरेतून देऊन रुग्ण बरे झाल्याचे दाखवले. औषध तेच होते. बदलले होते ते प्रमाण आणि मुदत.

आता रक्ताच्या बाटल्यांकडे वळू. रुग्णाच्या रक्तात जिवंत जिवाणू आहेत का आणि असल्यास कोणते, हे शोधण्याच्या तपासणीला ‘ब्लड कल्चर’ म्हणतात. पोषक द्रव भरलेल्या बाटलीत रक्त टाकून ती शरीराच्या तापमानाला ठेवली जाते. जिवाणू असले तर ते वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि यंत्र तो टिपून खूण देते. नंतर त्या जिवाणूची ओळख पटवून कोणते औषध त्याला किती प्रमाणात मारते, हे तपासतात. झडपेच्या संसर्गात हीच माहिती उपचाराचा पाया असते. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा संसर्ग असेल तर बहुतेकदा दिवसातून एकदा दिले जाणारे एक औषध चार आठवडे पुरते. आतड्यातून येणारा एन्टेरोकोकस असेल तर दोन औषधे, त्यातले एक दर चार तासांनी, असे सहा आठवडे द्यावे लागते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्वचेवरचा जिवाणू असेल तर तो काही दिवसांत झडप कुरतडून टाकू शकतो. तिथे औषधही वेगळे आणि निकडही वेगळी. गुराढोरांच्या सहवासातून येणारा ब्रुसेला असेल तर उपचाराची दिशाच बदलते आणि तो महिनोन्‌महिने चालतो.

जिवाणू सापडला नाही तर डॉक्टरला अंदाजाने सगळ्या शक्यता झाकाव्या लागतात. म्हणजे दोन-तीन औषधे, दिवसातून अनेक वेळा, बहुधा सहा आठवडे. त्यात जेंटामायसिनसारखे मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय करू शकणारे औषध असले तर रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. एवढे करूनही सुधारणा झाली नाही तर औषध चुकले की झडपेत गळू झाले, हे कळत नाही.

इथेच घाईचे इंजेक्शन घात करते. तीन-चार दिवसांच्या अँटिबायोटिकने गोळ्यातले जिवाणू मरत नाहीत, पण रक्तात सुटणाऱ्या जिवाणूंची संख्या घटते. ताप उतरतो. त्या अवस्थेत रक्त घेतले तर बाटलीत काही उगवत नाही. आधी अँटिबायोटिक घेतलेल्यांत जिवाणू सापडण्याचे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांनी घटते, असे अमेरिकी हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहे. थोडक्यात, आजार तसाच राहतो आणि त्याचा पुरावा तेवढा जातो.

रक्त घ्यायचे ते कसे, हेही महत्त्वाचे आहे, कारण नीट न घेतलेले कल्चर कधी कधी न घेतलेल्यापेक्षा वाईट ठरते. प्रौढ रुग्णात तीन वेळा रक्त घेतात, शक्यतो दर वेळी वेगळ्या शिरेतून सुई टोचून, आणि पहिल्या व शेवटच्या वेळेत निदान एक तासाचे अंतर ठेवून. दर वेळी दोन बाटल्या भरतात, एक हवेत वाढणाऱ्या जिवाणूंसाठी आणि एक हवेविना वाढणाऱ्यांसाठी; प्रत्येकीत सुमारे १० मिलिलिटर. रक्ताचे हे प्रमाण दिसायला जास्त वाटते. पण या आजारात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये कधी कधी मोजून काही जिवाणू असतात. दोन मिलिलिटर रक्त टाकून ‘काही उगवले नाही’ असा अहवाल आणणे म्हणजे विहिरीतून वाटीभर पाणी काढून मासे नाहीत असे म्हणण्यासारखे आहे.

त्वचा स्पिरिटमिश्रित क्लोरहेक्सिडिनने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी लागते. एवढे अर्धे मिनिट थांबले नाही तर त्वचेवरचे निरुपद्रवी जिवाणू बाटलीत जातात आणि खोटा संशय उभा राहतो. तीन वेळा रक्त घेण्याचा एक उपयोग इथेही होतो. एकाच बाटलीत त्वचेवरचा जिवाणू उगवला तर तो बहुधा बाहेरून आलेला असतो. तिन्ही वेळच्या रक्तात एकच जिवाणू उगवला तर तो रक्तातच होता. भरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात. रक्ताचे इतर नमुने थंड ठेवण्याची सवय असल्याने ही चूक अनेकदा होते.

आणखी एक समजूत दूर करायला हवी. थंडी वाजून ताप चढेल तेव्हाच रक्त घ्यायचे, असे अनेकांना वाटते. झडपेच्या संसर्गात जिवाणू रक्तात सतत सुटत असतात, कारण त्यांचे घरच रक्तप्रवाहात असते. त्यामुळे ताप नसतानाही रक्त घेतले तरी चालते. तापाची वाट पाहण्यात संध्याकाळ निघून जाते आणि तोवर कोणीतरी इंजेक्शन देऊन मोकळे झालेले असते.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, हे एका नमुन्यादाखल घेतलेल्या रुग्णाच्या चित्रातून पाहू. अशी चित्रे सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात नवी नाहीत. तालुक्याच्या गावी शिवणकाम करणारा ४२ वर्षांचा गृहस्थ. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. तरुणपणी ‘झडप गळते’ असे कोणीतरी सांगितले होते, पण त्रास नसल्याने तपासणी सुटली. आता सात आठवडे बारीक ताप, संध्याकाळी जास्त. भूक मेलेली, वजन सहा किलोने उतरलेले. पहिल्या दवाखान्यात तीन दिवस इंजेक्शन आणि पाच दिवस गोळ्या मिळाल्या. ताप गेला आणि आठवड्याने परत आला. मग विडाल तपासणी थोडी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून टायफॉइडचे औषध. पुन्हा तेच. तिसऱ्या दवाखान्यात आणखी एक कोर्स. अँटिबायोटिकने उतरणारा आणि ते थांबताच परतणारा हा ताप म्हणजेच मोठी खूण होती. पण दर वेळी डॉक्टर नवा होता आणि आधीची चिठ्ठी घरी राहिली होती.

जिल्हा रुग्णालयात पोहोचला तेव्हा शेवटची गोळी घेऊन दोन दिवस झाले होते. छातीवर स्टेथोस्कोप ठेवताच डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून रक्त मागे गळत असल्याचा आवाज आला. प्लीहा हाताला लागत होती. दोन नखांखाली काडी रुतल्यासारख्या तांबड्या रेषा होत्या. हिमोग्लोबिन ८.६, लघवीत रक्तपेशी. हृदयाच्या सोनोग्राफीत, ज्याला लोक ‘टू-डी एको’ म्हणतात, झडपेवर ८ मिलिमीटरचा हलता गोळा दिसला. म्हणजे आजार ठरला. जिवाणू कोणता ते ठरायचे होते.

अशा वेळी नातेवाइकांचा आणि कधी कधी डॉक्टरांचाही पहिला आग्रह असतो की लगेच औषध सुरू करा. पण या रुग्णाचा रक्तदाब ठीक होता, दम लागत नव्हता, अर्धांगाचे चिन्ह नव्हते, ईसीजी सामान्य होता. सात आठवडे मंद गतीने चाललेला आजार आणखी तीन दिवसांत हाताबाहेर जाण्याची शक्यता कमी होती. म्हणून अँटिबायोटिक न देता पहिल्या दिवशी तीन वेळा रक्त घेतले. दोन दिवसांनंतरही काही उगवले नव्हते. आधीच्या गोळ्यांचा अंमल अजून होता. रोज दोनदा तपासून, वॉर्डातच ठेवून, चौथ्या दिवशी पुन्हा तीन वेळा रक्त घेतले आणि त्याच संध्याकाळी अंदाजाने तीन औषधे सुरू केली. सहाव्या दिवशी यंत्राने खूण दिली. चौथ्या दिवशीच्या तिन्ही वेळच्या रक्तात एकच जिवाणू होता, तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकोकस, आणि तो पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना पूर्ण दबणारा. जेंटामायसिनसह दोन औषधे त्याच दिवशी बंद झाली. उरले ते सेफ्ट्रायॅक्सोन, दिवसातून एकदा २ ग्रॅम.

ही वाट पाहण्याची मुभा प्रत्येकाला नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. रुग्ण शॉकमध्ये असेल, श्वास लागत असेल, ताप दोन-चार दिवसांचाच पण अतितीव्र असेल, किंवा बसवलेल्या कृत्रिम झडपेला संसर्ग होऊन प्रकृती ढासळत असेल, तर दिवस काय, तासही दवडायचे नसतात. पण तिथेही रक्त आधीच घ्यायचे. दोन-तीन ठिकाणी सुया टोचून बाटल्या भरायला काही मिनिटे लागतात आणि इंजेक्शन तयार होईपर्यंत ते काम होते. आधी रक्त याचा अर्थ उपचाराला उशीर, असा नाही.

औषध लागू पडते आहे की नाही, हे केवळ तापावरून ठरवत नाहीत. सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. त्यात काही उगवले नाही की त्या दिवसापासून आठवडे मोजायला सुरुवात होते. आपल्या शिंप्याच्या बाबतीत हा दिवस होता भरतीचा सातवा. तिथून २८ दिवस.

उपचाराचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो, आणि हा धोका उपचाराच्या सुरुवातीच्या दिवसांत जास्त असून औषधाबरोबर झपाट्याने कमी होतो. झडप फाटली तर अचानक दम लागतो आणि हृदय निकामी होऊ लागते. संसर्ग झडपेच्या मुळाशी खोल गेला तर तिथे गळू होते. त्याची पहिली खूण बहुधा ईसीजीत, हृदयातल्या विद्युतसंदेशाला लागणारा वेळ वाढल्याने, दिसते. म्हणून या दिवसांत वरचेवर ईसीजी, रोज छाती तपासणे आणि गरज पडेल तशी सोनोग्राफी करतात. यांपैकी काही घडले, किंवा योग्य औषध देऊनही रक्तात जिवाणू येतच राहिले, तर झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. त्या वेळी कोर्स पूर्ण होण्याची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

दोन आठवडे सरतात, ताप गेलेला असतो, जेवण जाऊ लागते. आणि नेमकी इथे उपचाराची दुसरी कच्ची कडी सुरू होते. रुग्णाला बरे वाटते. रोजंदारी बुडालेली असते, सोबत थांबलेल्या माणसाचीही बुडालेली असते. कापणी आलेली असते, किंवा दिवाळीच्या शिलाईचे काम पडून असते. ‘आता गोळ्या द्या, घरी जातो’ अशी मागणी होते, आणि ती मान्य झाली नाही तर रुग्ण सही करून निघून जातो. गोळ्याच्या आत झोपलेले जिवाणू तेव्हा जिवंत असतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो परत येतो, तेव्हा झडप अधिक खराब झालेली असते. अशा रुग्णाला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण महिनाभर फक्त दिवसातून अर्ध्या तासाच्या एका सलाईनसाठी त्याला जिल्ह्याच्या गावी खाटेवर बसवून ठेवण्यात व्यवस्थेचीही चूक आहे.

याला मार्ग आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या दीर्घ आजाराच्या मुलांना शिरेतली अँटिबायोटिक्स घरी देता येतात, असे दाखवले. तेव्हापासून रुग्णालयाबाहेर शिरेतून औषध देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आणि झडपेच्या संसर्गातही, ठरावीक अटींवर, ती मान्य आहे. अटी साध्या पण काटेकोर आहेत. पहिले दोन आठवडे रुग्णालयात निर्धोक पार पडलेले हवेत. ताप नको, रक्तात जिवाणू नको, दम नको, ईसीजीत बिघाड नको, सोनोग्राफीत गळू किंवा मोठा हलता गोळा नको. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कृत्रिम झडप असेल तर घाई नको. घरी सोबतीला माणूस हवा, फोन हवा, आणि त्रास झाला तर तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोहोचण्याची सोय हवी.

शिवाय एक अट कागदावर फारशी लिहिली जात नाही, पण आपल्याकडे तीच निर्णायक ठरते. औषध असे हवे की ते दिवसातून एकदा देऊन भागेल. दर चार तासांचे इंजेक्शन घरून चालत येऊन घेता येत नाही. आणि औषध एकदाचे चालेल की अनेकदाचे लागेल, हे ठरते पहिल्या आठवड्यातल्या रक्ताच्या बाटलीवर. ज्याच्या बाटलीत जिवाणू सापडला त्याला घरी पाठवण्याचा विचार तरी करता येतो. ज्याची बाटली आधीच्या गोळ्यांमुळे कोरी राहिली, तो दोन-तीन औषधांच्या वेळापत्रकाला बांधला जातो आणि बहुधा सहा आठवडे खाटेवरच राहतो. उपचाराचा आरंभ आणि शेवट असे एकमेकांना जोडलेले आहेत.

शिंप्याची भरतीच्या अठराव्या दिवशी पुन्हा तपासणी झाली. गोळा ५ मिलिमीटरवर आला होता, बाकी सारे ठीक होते. दातांच्या डॉक्टरांनी दोन किडलेल्या दाढा कोर्स चालू असतानाच काढून टाकल्या होत्या. संसर्गाचा उगम तिथेच असण्याची शक्यता होती. उरलेली सोळा इंजेक्शने घरापासून सहा किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात घ्यायची ठरली. बरोबर दिलेल्या कार्डावर आजार, जिवाणू, औषध, डोस, शेवटची तारीख आणि वॉर्डाचा फोन लिहिला होता. तिथल्या परिचारिका रोज आधी ताप पाहत, हात पाहत, ‘दम लागतो का, बोलताना जीभ अडखळते का’ असे विचारत आणि मग १०० मिलिलिटर सलाईनमधून अर्ध्या तासात औषध सोडत. आठवड्यातून एकदा जिल्ह्याला रक्ताची आणि मूत्रपिंड-यकृताची तपासणी होई. ती टाळता येत नाही, कारण या कुळातली औषधे तीन-चार आठवडे चालली की कधी कधी पांढऱ्या पेशी घटतात.

नवव्या दिवशी त्याला घरी ताप आला, १००.८. शेजाऱ्याने गोळी आणून दिली होती, ती त्याने घेतली नाही. तसे कार्डावरच मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ग्रामीण रुग्णालयात दोन्ही हातांतून कल्चरसाठी रक्त घेऊन बाटल्या जिल्ह्याला पाठवल्या. ज्या शिरेत कॅन्युला होती ती लाल आणि दुखरी होती. ती काढून दुसऱ्या हातात नवी बसवली. दोन दिवसांत ताप गेला, बाटल्या कोऱ्या राहिल्या. ताप शिरेच्या सुजेचा होता, झडपेचा नव्हता. हे खात्रीने सांगता आले ते पुन्हा आधी रक्त घेतल्यामुळे. अठ्ठाविसाव्या दिवशी कोर्स संपला. झडपेवर लहानसा कोरडा अवशेष उरला होता. तसा तो राहू शकतो आणि केवळ तेवढ्यावरून औषध लांबवत नाहीत. गळती होती तेवढीच राहिली.

गोळ्यांवर कोर्स पूर्ण करता येणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे काही अंशी उत्तर मिळालेही आहे. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेला ‘पोएट’ नावाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांचा संसर्ग असलेल्या, निदान दहा दिवस शिरेतून औषध घेऊन स्थिरावलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना पुढे गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना शिरेतलेच औषध चालू ठेवले. मृत्यू, अनपेक्षित शस्त्रक्रिया, तुकडा सुटणे किंवा जिवाणू परतणे यांपैकी काही घडण्याचे प्रमाण गोळ्यांच्या गटात ९ टक्के आणि शिरेतल्या गटात १२.१ टक्के होते. म्हणजे गोळ्या कमी पडल्या नाहीत. पण त्या एकेकट्या नव्हत्या. जिवाणू पाहून निवडलेल्या, मोठ्या डोसच्या दोन-दोन औषधांच्या जोड्या होत्या. अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून खात्री केल्याशिवाय कोणाला गोळ्यांवर आणले नव्हते. तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाचातला एकच अभ्यासात घेतला गेला. तेव्हा ‘डेन्मार्कमध्ये गोळ्या चालल्या’ हे वाक्य, ज्याचा जिवाणूच सापडलेला नाही अशा रुग्णाला दोन आठवड्यांनी कुठलीशी गोळी लिहून देण्याचा आधार होऊ शकत नाही. इथेही गाडी त्याच बाटलीपाशी येऊन थांबते.

यातून व्यवस्थेकडे मागायचे ते फार नाही. जिवाणू वाढवणारे यंत्र प्रत्येक तालुक्यात असायची गरज नाही. ते जिल्ह्याला पुरे. पण कल्चरच्या बाटल्या, क्लोरहेक्सिडिन आणि त्या बाटल्या त्याच दिवशी, फ्रीजविना, जिल्ह्याला नेणारा माणूस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवा. झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसाला आठवडाभराहून अधिक ताप असेल, किंवा अँटिबायोटिक थांबताच परतणारा ताप असेल, तर पहिल्या गोळीआधी कल्चर, हा नियम केसपेपरवर छापलेला असावा. आणि जिल्ह्याने लिहून दिलेले, दिवसातून एकदाचे इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयाने रविवार-सणासुदीलाही, विनाप्रश्न द्यावे. एक दिवस चुकला तर जिल्ह्याला फोन जावा.

रुग्णाकडेही एक काम राहते. एकदा हा संसर्ग झालेल्या माणसाला तो पुन्हा होण्याचा धोका आयुष्यभर इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी दात दाखवणे, दात काढण्याआधी किंवा हिरड्यांवरच्या उपचाराआधी डॉक्टरला हा इतिहास सांगून अँटिबायोटिकचा एक डोस घेणे, आणि कोर्स संपल्यावर महिन्याने, तीन, सहा व बारा महिन्यांनी तपासणीला जाणे आवश्यक असते. शिंप्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला हेच लिहिले आहे. आणि खाली एक ओळ आहे, ती त्याच्यासाठी जितकी आहे तितकीच तो ज्याच्याकडे जाईल त्या डॉक्टरसाठी : ‘या माणसाला ताप आला तर अँटिबायोटिक देण्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यावे.’